पाडव्याची गाडी आणि रविवारची मुदत

कणकवलीच्या स्कूटर शोरूममध्ये मी नवीनच होते. शोरूमच्या पाडव्याच्या ऑनलाइन पोस्टखाली मी लिहिलं, ‘गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा! मुहूर्तावर गाडी घरी न्या, हेल्मेट मोफत. बुकिंग रविवारपर्यंतच.’

दुसऱ्या दिवशी आचऱ्याची एक मासेवाली मोबाईल पुढे करत आली.

“पाडवो गुरवारी, मगे बुकिंग रविवारीच कित्याक बंद?”

मलाही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी मॅनेजरकडे गेलो.

“विमा, आरटीओची नोंदणी, नंबरप्लेट. याला तीन-चार दिवस जातात, आणि एवढं झाल्याशिवाय गाडी देता येत नाही,” ते म्हणाले.

“मगे ता लिव ना गो!” ती मला म्हणाली.

मी तिच्यासमोरच पोस्टमध्ये ती ओळ घातली. तिने बुकिंग केलं.

पाडव्याला गाडीला हार घालताना मी विचारलं, “चालवणार कोण?”

“मीच! बस मागे,” म्हणत तिने चावी फिरवली.