अठ्ठावन्नावं पान

वडील गेले आणि वर्षभरात दोन्ही भावांनी शेत, बैल, भांडी, सगळं वाटून घेतलं. मी हक्कसोडीवर सही केली होती. उरलं होतं वडिलांचं आत्मचरित्र. त्याचे कागद वाळवीनं खाल्ले, पण त्याआधी मी ते स्कॅन करून एकच मोठी पीडीएफ केली होती. भोरच्या बाजारपेठेत माझं टायपिंगचं दुकान होतं. दोघं तिथं आले.

"परकरणं वेगळी कर," दादा म्हणाला. "जमिनीचं माजं, आईचं ह्याचं."

पहिली चाळीस पानं आधीच वाटून झाली होती. मी पुढच्या पानांचे आकडे टाकू लागले. जमिनीचं प्रकरण ४१ ते ५८. आईचंही ५८ पासूनच, ७३ पर्यंत. वडील कागद वाया घालवत नसत, एक प्रकरण संपलं की त्याच पानावर दुसरं सुरू. खालच्या अर्ध्या पानात आई होती : आमच्या हिर्डोशीच्या भातखाचरात चिखलानं माखलेली, हसताना तोंडावर पदर धरणारी. पुढं नुसतं आजारपण. तिचा फोटो नव्हता. ती गेली तेव्हा मी पाळण्यात होते.

"पान अर्धं कापता येत नाही," मी म्हणाले. "दोन्ही फाइलींत घालते. कुणाचं काही कमी होत नाही."

"बांध दोगांचा नसतो," दादा म्हणाला. "५८ माजं. ह्याचं ५९ पासनं."

"आई माज्या वाट्याची हाय!" दोघांतला धाकटा ओरडला. "मला न्हाई तर तुलाबी न्हाई. दोन्हीतनं काढ ते."

दादा हसला. "काढ. माज्या धा-बाराच वळी जात्यात."

एकाच आईची लेकरं ही, आणि भाऊबंदकी अशी! मला दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याऐवजी मी ४१-५७ टाकलं, ५९-७३ टाकलं आणि दोन सीड्या भरल्या. मनात म्हटलं, भांडा लेको. आणि तोंडातून निघून गेलं, "वेगळं केलं तरी मूळ फाइल जशीच्या तशी राहते म्हणा."

दादाची मान वळली.

"म्हंजी सगळं तुज्याकडं?"

"५८ तेवढं राहू दे मला," मी म्हणाले. "एकच पान. तुम्हाला दोघांनाही नकोय ते."

"सही केलीस न्हवं? पोरींचा वाटा न्हाई." मग त्यानं धाकट्याकडं पाहिलं. मला वाटलं, हा तरी बोलेल. लहानपणी माझं बोट धरून शाळेत नेणारा हा.

"दादा बरोबर बोलतोय," धाकटा म्हणाला. सकाळपासून त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

दोघं माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मी फाइल डिलीट केली.

"त्या डब्यातनंबी," दादा म्हणाला.

मी रिसायकल बिनही रिकामा केला.