वरील धावफलकावरून

समुद्रपूरला मी लग्न होऊन आले तेव्हा मला इथलं बोलणं निम्मं कळायचं नाही. मी सातारच्या डोंगराकडची. आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा घाट उतरून, आणि घाट उतरून मुलींना पाठवत नसत. तेवढ्यावर शिक्षण संपलं. माझे मामा नोकरीनिमित्त विदर्भात होते, त्यांनी हे स्थळ आणलं. नवरा एसटीत कंडक्टर. माणूस चांगला, पण आठवड्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर. घरात मी आणि रेडिओ. शेजारच्या बाया दारात बसून बोलायच्या, हसायच्या. मी काही बोलले की त्या माझ्या बोलण्यालाच हसायच्या. वाईट मनाने नव्हे, पण मी हळूहळू बोलणंच कमी केलं.

अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले. तिथल्या सेविकाबाई एकदा म्हणाल्या, "दहावी काढून टाक ना. मी दोन वर्षांनी रिटायर होते. दहावी असन तं माह्या जागेवर तुह्यासाठी बोलता येईन मले." कुणी माझ्यासाठी बोलायचं म्हणतंय, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी लगेच हो म्हटलं. नंतर घाबरले.

बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी एक निवृत्त सर रविवारी सकाळी शाळेच्या एका खोलीत फुकट शिकवायचे. आम्ही आठदहा जण होतो. एक किराणा दुकानदार, दोन शिवणकाम करणाऱ्या, एक सूतगिरणीतला, असे. सर क्रिकेटचे वेडे. शेकडेवारी असो की सरासरी, उदाहरण क्रिकेटचंच. दुकानदार खूश असायचा. मी गप्प खाली बघायचे.

बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली तेव्हा सरांनी एक सराव पत्रिका दिली. म्हणाले, "ही घरी सोडवून आणा. पुढच्या रविवारी फॉर्म भरू. ज्याला वाटतं आपल्याच्यानं होते, त्यानं भरा." सर कुणाला घाबरवायला असं बोलत नसत. पण मी ते वाक्य आठवडाभर घेऊन फिरले.

पत्रिकेतले पहिले प्रश्न जमले. मग सहावा आला. प्रश्नाच्या वर एक चौकोन, आत कोरा पांढरा. खाली लिहिलं होतं: 'वरील धावफलकावरून उत्तरे लिहा. (अ) ब संघाला शेवटच्या सोळा षटकांत शहाण्णव धावा हव्या होत्या, तेव्हा आवश्यक धावगती किती? (आ) ब संघाची या सामन्यातील निव्वळ धावगती काढा.'

मी चौकोनाकडे बघितलं. मला वाटलं, ही जागा कच्च्या कामासाठी सोडली असेल. आणि धावफलक म्हणजे काहीतरी असं, जे शिकलेल्या माणसाला ठाऊकच असतं. राजधानीचं नाव विचारतात तेव्हा कुठे वर चित्र देतात. हा एखादा गाजलेला सामना असेल, सगळ्या जगाने बघितलेला. मलाच माहीत नाही. आमच्या वाडीत कुठला सामना आणि कुठला फलक. सातवी सुटल्यावर जगाने जे जे शिकून घेतलं त्यातलं हे एक.

माझं खरं नुकसान पुढे झालं. (अ) मध्ये सोळा आणि शहाण्णव दोन्ही आकडे समोर होते. भागाकार मला येत होता. पण 'वरील धावफलकावरून' वाचूनच मी इतकी खचले की तोही केला नाही. सहाव्यानंतरचे प्रश्नही अर्धेच सोडवले. दुपारी अंगणवाडीतून यायचे, कागद काढायचे, चौकोन बघायचे, ठेवून द्यायचे.

नवरा गुरुवारी घरी आला. जेवताना त्याने कागद पाहिला. "काय वं, क्रिकेट कधीपासून?"

"परीक्षेचं आहे. तुम्हाला येतं का ते सांगा."

त्याने ताटाशेजारी कागद धरून वाचलं. "शहाण्णव, सोळा. सहा. एका षटकाले सहा रन पायजे." तिकिटाचे सुटे देतात तसं त्याने ते सांगून टाकलं. मग खालचं वाचलं, वर बघितलं, परत खाली. "हे दुसरं होत नाई."

"का?"

"स्कोअर कुठी हाये? वरील म्हणते, अन् वर तं कोरं हाये. नेट रनरेटले दोन्ही टीमचे रन पायजे, दोन्हीच्या ओव्हर पायजे. आपण एका ओव्हरले किती काढले, अन् समोरच्यानं एका ओव्हरले आपल्यावर किती काढले, थे वजा करायचं. कोणी ऑलआउट झाली का तेही पाहा लागते. यातलं काईच नाई दिलं."

"वरच्यातून नाही का काढता येत? सोळा षटकं, शहाण्णव धावा..."

"थे बाकी राह्यलेलं हाये. झालेले किती, थे कुठी लिहिलं?"

मला राग आला. आता आठवलं की ओशाळायला होतं, पण तेव्हा वाटलं, येत नाही म्हणून हे कागदाला नावं ठेवतायत. मी म्हटलं, "छापलेलं आहे ते. सरांनी काढलंय."

तो हसला. "अवं, मी आठवी नापास. पण कोऱ्या कागदावरचं वाचता येत नाई मले." आणि हात धुवायला उठला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीवर गेला.

त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर छापील कागद चुकीचा ठरत होता. कागदावर ठेवायचा तर मी. मला दुसरं सोपं वाटलं. सवयीचं होतं ते.

शनिवारी मी ठरवलं, फॉर्म भरायचा नाही. सरांनी मला वापरायला एक जुनं गाईड दिलं होतं, तेवढं परत करायचं आणि यायचं. सेविकाबाईंना काय सांगायचं याची वाक्यं मी कपडे वाळत घालताना जुळवत होते. दोरीपलीकडून शेजारीण म्हणाली, "कोणाशी बोलून राह्यली वं?" मी म्हटलं, कुणाशी नाही. ते खरंच होतं.

रविवारी मी शेवटच्या बाकावर बसले, गाईड मांडीवर. सरांनी एकेक प्रश्न घेतला. सहाव्याला आले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "हा माझा आवडीचा. कोणी कोणी सोडवला?"

शिवणकामवाल्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. सूतगिरणीतला पेनाचं टोपण चावत होता. सर दुकानदाराकडे वळले. "तुम्ही तरी?"

"सोडवला नं सर. पहिल्याचं सहा. दुसऱ्याचं अर्धा."

"अर्धा कसा?"

"अंदाजे."

"निव्वळ धावगती अंदाजे? तुम्ही साखर अंदाजे देता का?"

"नाई सर, साखरेले काटा असते. इथं काटाच नाई दिसला, म्हणून अंदाजे."

सगळे हसले, पण सर हसले नाहीत. त्यांना वाटलं आम्ही कामचुकारपणा केला. ते म्हणाले, "धावफलक डोळ्यांपुढे असताना एकालाही जमू नये?" आणि त्यांच्या आवाजात जे दुःख होतं ते मला सहन झालं नाही. फुकट शिकवणारा माणूस. मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, नवऱ्याचंच वाक्य बाहेर आलं.

"सर, वर कोरं आहे. स्कोअर नाही त्यात."

सरांनी दुकानदाराच्या हातून कागद घेतला. चष्मा वर केला. मग पिशवीतून त्यांनी स्वतःजवळची मूळ पत्रिका काढली. तिच्यावर एक हिरवा पुठ्ठा चिकटवलेला असणार, मैदानावरच्या फळ्यासारखा, त्यावर पांढऱ्या रंगात आकडे. असणार म्हणते, कारण त्यावर प्रती काढणाऱ्या झेरॉक्सवाल्याने पांढरा कागद डकवला होता, अगदी बेताने, कडेला कड लावून. हिरवा रंग मशीनमध्ये काळा येत असणार. गिऱ्हाइकाला घाण प्रत द्यायची नाही हा त्याचा बाणा, त्याने तो डाग साफ केला होता. सरांनी नखाने कोपरा उचलला तसा हिरवा रंग दिसला.

"मी प्रती मोजून वाटल्या," सर म्हणाले. "पाहिल्या नाहीत."

मग सूतगिरणीतला म्हणाला, "सर, मले वाटलं मलेच समजत नाई." शिवणकामवाल्यांपैकी एक म्हणाली, तिने तर दिराला विचारायला नको म्हणून पान दुमडून ठेवलं होतं. आठवडाभर आम्ही सगळे आपापल्या घरी त्याच कोऱ्या चौकोनापुढे बसलो होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आत जे आहे ते फक्त आपल्याला दिसत नाही.

सरांनी फलक फळ्यावर उतरवला. अ संघ: पन्नास षटकांत सात बाद दोनशे चाळीस. ब संघ: चाळीस षटकांत सर्वबाद दोनशे. सामना पन्नास षटकांचा.

"बोला आता. ताई, तुम्ही."

मी म्हटलं, "ब ने दोनशे भागिले चाळीस, पाच. अ ने दोनशे चाळीस भागिले पन्नास, चार पूर्णांक आठ दशांश. वजा केलं की शून्य पूर्णांक दोन."

"अधिक?"

"अधिक." म्हटलं आणि मलाच विचित्र वाटलं. "पण सर, ब संघ तर हरला. हरून अधिक कसं?"

सर खडू हातात धरून थांबले. "विचारा स्वतःला. काय सुटलं?"

कोणी ऑलआउट झाली का तेही पाहा लागते. जेवणाच्या ताटाशी ऐकलेलं. मी ते सांगितलं, पण पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. सरांनी सांगितलं: संघ सर्वबाद झाला की खेळलेली षटकं धरायची नाहीत, वाट्याची पूर्ण पन्नास धरायची. उरलेली दहा षटकं त्यांनी गमावली, ती त्यांच्याच खात्यात. म्हणजे दोनशे भागिले पन्नास, चार. चार वजा चार पूर्णांक आठ. उणे शून्य पूर्णांक आठ.

"आणि ही 'सर्वबाद' अक्षरं नसती तर आकडे सगळे असूनही उत्तर चुकलं असतं," सर म्हणाले. "पहिल्या उपप्रश्नाला मात्र फलक लागतच नव्हता. तो किती जणांनी सोडून दिला?"

पुष्कळ हात वर झाले. माझाही.

तास संपल्यावर सरांनी फॉर्म टेबलावर ठेवले. मी गाईड घेऊन पुढे गेले. त्यांना वाटलं, काही विचारायचंय. मी म्हटलं, "सर, हे गाईड अजून थोडे दिवस ठेवू का?" ते म्हणाले, "तुमच्याकडेच राहू द्या," आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. शाळा सोडल्याचं वर्षही लिहिलं.

घरी आले तेव्हा घर बंद. नवऱ्याला कळायला मंगळवार उजाडणार होता. आईला कळवायचं तर पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि सर्वबाद, निव्वळ धावगती, हे तिला कुणी वाचून दाखवलं असतं तर तिला वाटलं असतं मुलगी आजारी आहे. शेजारणी दारात होत्या. मी कुलूप उघडता उघडता त्यांना सांगावंसं वाटून थांबले, आणि आत गेले.

मग पोळपाटावर कागद ठेवून अ संघाची निव्वळ धावगती काढली. ती कोणी विचारली नव्हती. अधिक शून्य पूर्णांक आठ आली.