चौदा महिने घरी

कल्पना करा, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकलीय आणि ती तुम्हाला सुरू करायचीय. हात लगेच पान्ह्याकडे जातो. लिफ्टवाली ताई म्हणते, थांबा. आधी काय दिसतंय ते लिहा, का झालं ते नंतर. अंदाज आधी लिहिला की डोळे तेवढंच शोधत बसतात.

बारा वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या ताईला घरात मात्र हा नियम बरेच दिवस सुचला नाही. नवरा कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. कारखाना बंद पडून चौदा महिने झाले. पहिले दोन महिने त्याने अर्ज केले, मग सोडून दिले. स्वयंपाक, धुणं, लेकीची शाळा सगळं त्याच्याकडे, आणि स्वारी खुशीत. ताईला लिफ्ट-तपासनीस व्हायचं होतं. त्यासाठी सहा महिन्यांचं बिनपगारी प्रशिक्षण. प्रवेशाला दीड महिना उरलेला.

एकदा बहिणीसमोर ती बोलून गेली, "आमचे साहेब कायमच्या सुट्टीवर आहेत!" तो हसला, पण पुढे दोन दिवस घुम्यासारखा वावरला.

मग तिने कामाचा कागद काढला. पहिला शब्द लिहिला, 'आळशी'. हा तर अंदाज! खोडला. खाली लिहिलं: बारा महिने अर्ज नाही. डबा रोज वेळेवर. मी एकही सुट्टी घेतलेली नाही.

शनिवारीच त्याला सांगून ठेवलं, "उद्या नोकरीबद्दल बोलू. भांडायचं नाहीये." रविवारी लेक मावशीकडे गेल्यावर ताईने आधी बहिणीसमोरच्या टोमण्याची माफी मागितली, मग कागद पुढे ठेवला.

त्याने वाचला. "म्हणजे तक्रार नोंदवलीस?"

"डबा पण नोंदवलाय की! तुला नोकरी नकोय का? खरं सांग."

"घरी बरं वाटतं गं. उगाच कशाला खोटं बोलू? आणि घरात काय मी बसून असतो?"

"नाही बसत. पण हे आपण ठरवलं नाही, तू एकट्याने ठरवलंस. मला शिकायचंय, पण माझा पगार थांबला तर घर कसं चालेल?"

त्याने कागद पुन्हा वरून खाली वाचला. "शिकायचंय हे मला कधी सांगितलंस?"

ताईने आठवून पाहिलं. खरंच, कधीच नाही. कागदावर ती ओळच नव्हती. तिने ती लिहिली.

दुपारपर्यंत ठरलं. आठवड्याला तीन अर्ज, अर्ध्या वेळेचं कामही चालेल. संध्याकाळचा स्वयंपाक ताईचा. चौकशी फक्त रविवारी, अधेमधे टोमणे बंद. आणि महिन्याभरात काही जमलं नाही, तर पुन्हा याच टेबलावर.

तिसऱ्या रविवारी त्याला एका छोट्या वर्कशॉपमधून चार तासांच्या कामासाठी बोलावणं आलं. ताईने प्रवेशाचा अर्ज भरला. संध्याकाळची भाजी करपली, तो म्हणाला, "तपासनीस बाई, हे कोण तपासणार?"

ताई हसली. पण तो जुना कागद तिने अजून फाडलेला नाही. एक प्रश्न तिला सुटत नाही: घरी तो नाही, मी राहिले असते, तर 'आळशी' हा शब्द कुणाच्या हातून उमटला असता का?