माहेरहून आलेला टीव्ही

वडिलांची तेरवी झाली आणि पाहुणे एकेक करून गेले. घर एकदम मोठं वाटायला लागलं. आई स्वयंपाकघरात बसून राहायची, मी पुढच्या खोलीत. बोलायला दोघींकडेही काही नव्हतं. जुना टीव्ही वडिलांच्या आजारपणातच बंद पडला होता, आणि तेव्हा त्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

माझा मामा पिंपळगाव राजाला असतो. भाजीपाला लावतो, वांगी आणि मिरची जास्त. तेरवीला आईच्या माहेरचं लुगडं तो घेऊन आला होताच. पण घरातली ही शांतता त्यानं पाहिली असावी. पंधरवड्यानं तो शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये मागे एक भलामोठा खोका बांधून चिखलीला आमच्याकडे आला. खोका पडू नये म्हणून खामगावपासून तो स्वतः मागेच बसून आला होता. अंगावर सगळी धूळ. उतरला आणि आईला म्हणाला, "बाई, घरात कोनाचा तरी आवाज पाह्यजे."

आईनं खोक्यावरून हात फिरवला. नवऱ्यामागे माहेरचं माणूस आपल्याला विसरलं नाही, एवढंच तिला त्यातून कळलं होतं. त्या खोक्यात काय आहे, याला तेव्हा महत्त्वच नव्हतं.

खामगावचा टीव्हीचा दुकानदार मामाला म्हणाला होता, दोन दिवसांत आमचा माणूस येऊन लावून देईल. मीच नको म्हटलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, एवढं मला जमेल, असं काहीसं बोलले. मामाला ते बरं वाटलं. भाचीच्या शिक्षणाचा त्याला फार अभिमान.

पाय बसवले, केबल जोडली, वायफायचा पासवर्ड टाकला. टीव्ही एकामागून एक प्रश्न विचारत होता. भाषा कोणती, देश कोणता, या अटी मान्य आहेत का. त्याच वेळी गल्लीतल्या काही बायका आईला भेटायला आल्या होत्या आणि मागे वडिलांच्या शेवटच्या दिवसांचं बोलणं चाललं होतं. ते मला ऐकायचं नव्हतं. मी रिमोटवरचे बाण आणि मधलं बटण दाबत सुटले. एका पानावर टीव्ही घरात वापरणार की दुकानात, असं विचारलं होतं. ते पान मला आज स्पष्ट आठवतं, तेव्हा मात्र मी ते वाचलं नव्हतं. वडील गेल्यापासून माझं वाचनच बंद पडलं होतं. पुस्तक उघडायची, डोळे ओळीवरून जायचे आणि हाती काही लागायचं नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं झालं होतं, एवढंच.

टीव्ही सुरू झाला आणि खोली उजळून निघाली. मामा खूष झाला. म्हणाला, काय रंग आहे. चहा पिऊन तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला. आईला सकाळी कीर्तन बघायचं असायचं. कीर्तनकाराच्या छातीवरून एक पट्टी सरकत यायची. चित्र किती बारीक, रंग किती कोटी, आवाज कसा चारी बाजूंनी येतो, असलं काहीबाही त्यावर लिहिलेलं. ती जायची, दुसरी यायची. आणि उजेड तर इतका की कीर्तनकाराचं तोंड भगवं दिसायचं आणि गळ्यातला हार पेटल्यासारखा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच होऊन गेलेलं. तिला तो उजेड सहन होईना. मी सेटिंगमध्ये जाऊन उजेड कमी करायची, रंग उतरवायची, आणि चहा ठेवून परत येईपर्यंत सगळं जसंच्या तसं. पुन्हा कमी करायची, पुन्हा वर. आई एकदा हसून म्हणाली, "तुह्या बाबासारखाच हाये. हो म्हनते अन् आपलंच करते." वडील गेल्यानंतर ती हसली ती पहिल्यांदा.

मग ती ऑपरेशनचा काळा चष्मा लावून टीव्हीसमोर बसू लागली. भावानं आणलेला टीव्ही बंद ठेवणं तिला पटत नव्हतं.

शेजारच्या काकू एकदा दळण घेऊन जाताना आत डोकावल्या. उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, हा दुकानात लावलेला पीस दिसते. दुकानात असंच सुरू असते, पट्ट्या अन् भडक रंग. लोकायले दाखोयाचा टीव्ही तुमच्या भावाच्या गयात मारला." त्यांचं पाहणं बरोबर होतं. दुकानात टीव्ही असेच चालतात. त्यावरून काढलेला अर्थ तेवढा चुकीचा होता, आणि मी तोच उचलला.

काकू गेल्यावर आईनं टीव्ही बंद केला आणि वरून जुनी चादर टाकली. दुखवट्यात माहेरहून आलेली वस्तू, आणि ती दहा जणांनी हाताळलेली. तिला काय वाटत होतं ते मला चादरीवरूनच कळलं.

मी मामाला फोन लावला. समजुतीनं सांगायला हवं होतं. पण माझा आवाज वर्गातला झाला. म्हटलं, मामा, पट्ट्या येतात, रंग भडकतात, तुम्हाला डिस्प्लेचा पीस दिलाय. आणि पुढे म्हटलं, "घेताना जरा पाहून घ्यायचं होतं."

तो म्हणाला, "खोका त माह्यासमोर फोडला नाही पोरी. बंदच दिला होता." मग म्हणाला, "मले काय समजते त्यातलं. पाहतो मी."

बंद खोक्यातून दुकानातला वापरलेला टीव्ही कसा निघेल, हा साधा विचार मला तेव्हा सुचला नाही. चिकटपट्टी मीच कापली होती. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीतून मीच काढला होता. एवढं सगळं हातून झालेलं असून मी एका वाक्यात माझ्या मामाला अडाणी ठरवून टाकलं.

रविवारी पिकअप घेऊन येतो आणि टीव्ही परत घेऊन जातो, असा त्याचा निरोप आला. सकाळी मी खोका माळ्यावरून काढला. थर्माकोल, पिशव्या, सगळं होतं तसं भरायचं म्हणून पुसून ठेवत होते. तळाशी माहितीपुस्तिका होती, न उघडलेली. एखादी पुस्तिका न वाचता खोक्यात टाकणं मला जमत नाही. निदान आधी जमत नसे. मी खाली फरशीवर बसून वाचायला लागले. नळ चालू ठेवून आई मागे भांडी घासत होती. बऱ्याच दिवसांनी ओळी मला कळत होत्या.

शेवटाकडे अडचणींची पानं होती. चित्राची सेटिंग आपोआप बदलत असेल, पडद्यावर वैशिष्ट्यांच्या पट्ट्या येत असतील, तर टीव्ही दुकानाच्या मोडवर आहे. पहिल्यांदा लावताना दुकान हा पर्याय निवडला गेला असेल तर असं होतं. हा मोड घरासाठी नाही.

मी ते पुन्हा वाचलं. मग ते पान डोळ्यांपुढे आलं, ज्यावर मी न वाचता बटण दाबलं होतं.

चादर काढली, टीव्ही लावला. सेटिंग, त्यात टीव्हीची सामान्य सेटिंग, त्यात खाली दुकानाचा मोड. तिथे दोन बटणं होती. वरचं डेमोचं. ते बंद केलं आणि पट्टी गेली. मी उजेड कमी केला आणि आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत येऊन बसली. थोडा वेळ ठीक होतं, मग चित्र पुन्हा भडकलं. आईनं चष्मा लावला. दुसरं बटण मी सोडून दिलं होतं, चित्र मूळ सेटिंगवर परत आणणारं. पुन्हा घाई. तेही बंद केलं, उजेड पुन्हा उतरवला, आणि या वेळी मी उठले नाही. आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. कीर्तन संपलं, बाजारभाव झाले, बातम्या लागल्या. चित्र हललं नाही. आईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"काय झाल्तं त्याले?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती टीव्हीकडेच बघत राहिली.

मामा दुपारी आला, हातात दोराची गुंडाळी. दारातूनच टीव्ही सुरू दिसला तसा थबकला. पट्टी नाही, भडक उजेड नाही. त्याचं तोंड फुललं. "पाह्य! काल बाजारात, चार लोकायसमोर झापलं म्या त्या दुकानदाराले. म्हटलं, माह्या बहिनीच्या दुखवट्यात असा टीव्ही देतं, चोर हायेस तू. भ्याला असन. तिकडूनच नीट केला असन त्यानं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलणार नव्हती. मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं. मामा जिंकला असता, दुकानदार खामगावला होता, आणि माझं शिक्षणही शाबूत राहिलं असतं. मला हेही कबूल केलं पाहिजे की क्षणभर ते मला बरं वाटलं.

"मामा, माझ्याकडून झालं होतं," मी म्हटलं. "लावताना मी न वाचता बटण दाबलं. टीव्ही नवाच आहे."

तो दोर हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर बसला. "म्हंजे त्याची काही चूक नोहती?"

"नाही."

"अन् माहीबी?"

"नाही, मामा."

त्यानं मान हलवली. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "म्या त्याले चोर म्हटलं ना," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "त्याच्या बापापासून जातो आम्ही त्या दुकानात."

मी म्हटलं, मी येते बरोबर, मी सांगते त्यांना. तो उठला. "तू नोको येऊ. तोंड माहं होतं, मीच जातो." आईनं चहा टाकला होता. आमच्या घरून तो कधी बिनचहाचा गेला नव्हता. त्या दिवशी तो गेला.

मी त्या दुकानदाराला फोन केला तेव्हा मामा तिथे पोचून गेला होता. दुकानदार भला माणूस. म्हणाला, असं बऱ्याच जणांचं होतं मॅडम, काकांना आम्ही चहा पाजला. बोलण्यात कुठे राग नव्हता. मी माफी मागितली, त्यानं असू द्या म्हटलं. एवढ्यावर ते संपलं, निदान दुकानापुरतं.

टीव्ही नीट चालतो. आई चष्म्याशिवाय कीर्तन बघते, आणि घरात कुणाचा तरी आवाज असतो. मामा येतो, पूर्वीसारखाच. वांगी आणतो, हिरवी मिरची आणतो. पूर्वी तो पिशवी स्वयंपाकघरात नेऊन सरळ ओतायचा. आता ती माझ्यासमोर ठेवतो, तोंड उघडून धरतो आणि म्हणतो, "पाहून घे पोरी. किडकं त नाही ना एखादं?"

त्यात टोमणा नसतो. तो खरंच विचारतो. आणि मला पिशवीत हात घालून एकेक वांगं पाहावं लागतं.