सैल टाका

विजयाताई आधी पानिपतला रजया शिवायच्या. नवरा गेला आणि त्या नोएडातल्या आमच्या उपग्रहांच्या कारखान्यात आल्या. इथे त्या बॅटरीभोवतीचं चंदेरी, वीस थरांचं पांघरूण शिवतात.

रजईच्या सवयीने त्यांनी टाके घट्ट ओढले. हवा काढलेल्या कक्षात चाचणी घेतली, तर बॅटरी गारठली. मी भडकलोच. "ताई, थर एकमेकांना चिकटले की उष्णता एकातून दुसऱ्यात जाते आणि बाहेर निसटते. सैल शिवा. मधे पोकळी राहिली, तरच ऊब टिकते यार!"

त्यांनी सगळं उसवून पुन्हा शिवलं. या वेळी बॅटरी उबदार राहिली. आनंदाने चाचणी घेणारी आमची अक्षता त्यांना मिठी मारायला धावली.

ताई एक पाऊल मागे सरकल्या. सपाट आवाजात म्हणाल्या, "नको गं. चिकटलं की उरलंसुरलंही जातं."