भाला मनगटाला बांधू नये

कॅमेरा लागला होता, घोडे उभे होते, ऊन बरोबर हवं तसं तिरपं पडलं होतं. आणि काळूराम भाला स्वतःच्या मनगटाला गाठ मारून बांधत होता.

मी तिथूनच ओरडलो, "ए काळूराम! सोड ती दोरी! आधी सोड!"

सगळं युनिट माझ्याकडे बघायला लागलं. डायरेक्टर अनिकेत सर मॉनिटरवरून उठले. "मास्तर, आता काय? ऊन चाललंय माझं!"

"ऊन उद्या परत येतं सर. खांदा नाही येत."

आधी माझं सांगतो. मी आर्मीत आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारं तपासणारा, दुरुस्त करणारा माणूस. रिटायर झालो, कर्जतला घर केलं, आणि घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं म्हणून ऐतिहासिक मालिकांच्या शूटिंगवर हत्यारांचं काम धरलं. कुणाच्या हातात काय द्यायचं, ते कसं धरायचं, आणि कुणाला इजा होऊ द्यायची नाही, हे माझं खातं. सेटवर मला सगळे मास्तर म्हणतात. मीही मग मास्तरासारखाच वागतो, त्याला इलाज नाही.

शूटिंग खालापूरच्या बाजूला, कापणी झालेल्या खाचरांत चाललं होतं. इंग्रज कंपनीचं पायदळ आणि त्याच्यावर चालून जाणारे मराठे घोडेस्वार, असा प्रसंग. घोडेस्वार आणले होते माथेरानचे. पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारी ही माणसं. घोड्यावर अशी बसतात की खाली बघावंसं वाटत नाही त्यांना. काळूराम त्यातला सगळ्यात चांगला, ठाकूरवाडीतला, तिशीचा गडी. त्याची राणी नावाची तांबडी घोडी होती. घर तिच्यावर चालायचं.

मी जवळ जाऊन त्याची गाठ बघितली. दोरीचे दोन वेढे मनगटाला, वर ओढगाठ. जितकं ओढाल तितकी आवळणारी.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुनी नाय मास्तर. घाटात घोड्याचा दोर आमी असाच धरताव. मंग घोडं बुजलं तरी हातातून सुटत नाय."

"आणि भाला का बांधलास?"

त्यानं मान खाली घातली. "सकाळच्या रिहर्सलला दोनदा पडला ना माज्या हातून. सर लय बोलले. आता पडला तर दुसरा गडी घेतील."

म्हणजे बिचाऱ्यानं काम टिकवायला हात पणाला लावला होता. माथेरानच्या पायवाटेवर ही गाठ ठीक असेल. तिथं घोडा चालतो, माणूस चालतो, कुणी कुणाला भोसकत नाही. इथं तो दौडत जाऊन एका बुजगावण्याला खराखुरा फाळ मारणार होता. बाकी सगळ्यांचे भाले रबराच्या टोकाचे होते. पण सरांना फाळ आत घुसताना जवळून दाखवायचा होता, म्हणून त्याच्या एकट्याच्या भाल्याला लोखंड.

"सर," मी म्हणालो, "भाला घुसतो तेव्हा घोडा थांबत नाही. माणूस पुढं जातो, भाला मागं राहतो. हात दोघांच्या मध्ये."

"अहो, पण स्ट्रॅप असतोच ना भाल्याला? मी रेफरन्समध्ये पाहिलाय."

"असतो. सैल असतो. हात आत घालायचा आणि वेळ आली तर बाहेर काढायचा. टोक घुसलं की मूठ धरून हात मागं झुलू द्यायचा. घोड्याच्या वेगानंच फाळ उपसून येतो. नाही आला तर सोडून द्यायचा."

सरांच्या डोक्यात अजून ऊनच होतं. मग मी म्हणालो, "या इकडे. तुमचाच हात द्या."

काळूरामच्या हातातून भाला सोडवून मी तो त्याच्याच गाठीनं सरांच्या मनगटाला बांधला. बुजगावण्यात केळीचा बुंधा भरला होता, त्यात फाळ खुपसायला लावला. "आता भाल्याचा विचार सोडा, नुसतं पुढं चालत राहा." आणि मागून त्यांच्या पाठीला हात लावून चार पावलं ढकलत नेलं. साधं चालत, बरं का.

"आई गं! मास्तर, मास्तर, थांबा!"

"ही माझी चाल झाली सर. राणी दौडते."

युनिट हसलं. सर खांदा चोळत म्हणाले, "ठीक आहे, कळलं. सोडा हो ते." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "पण मग तो पडेल हातून. माझा शॉट?"

"शॉटचं पण बोलूया. आलोच आहोत तर."

कारण मला सकाळपासून दुसरी एक गोष्ट सलत होती. स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं: कंपनीचे शिपाई एकदा गोळ्या झाडतात, बंदुका टाकतात, तलवारी उपसतात आणि घोडेस्वार त्यांच्यात घुसतात. वाचूनच डोकं फिरलं होतं माझं.

"बंदुका का टाकतात?" मी विचारलं.

"गोळी संपली ना. एकदा बंदूक आल्यावर खरं तर ही पाती कशाला हवी होती, हाच प्रश्न आहे."

"गोळी संपत नाही सर, भरायला वेळ लागतो. दारू ओता, गोळी टाका, गजानं ठासा. मिनिटाला तीन वेळा झाडणारा शिपाई म्हणजे अगदी तयार. मधल्या वेळात घोडा येऊन डोक्यावर उभा राहतो. पावसात दारू भिजली तर तेवढंही नाही. म्हणून ही संगीन."

मी बंदुकीला संगीन लावून दाखवली. पात्याच्या बुडाशी नळी असते. ती बंदुकीच्या तोंडावर बाहेरून चढते, पातं बाजूला सरकलेलं राहतं. म्हणून संगीन लावूनही गोळी भरता येते, झाडता येते. पूर्वीची संगीन बुचासारखी बंदुकीच्या नळीतच खुपसायची, मग गोळी बंद. ही नळीची युक्ती निघाली आणि पायदळाला बंदूक आणि भाला एकाच हत्यारात मिळाले. पातं तिकोनी, धार नसलेलं. त्यानं काही कापता येत नाही, कांदासुद्धा नाही. ते फक्त भोसकायला.

"माझ्या नोकरीतसुद्धा रायफलींबरोबर संगिनी तपासणीला यायच्या," मी म्हणालो. "गोळी अडकते, संपते, अंधारात आपलाच माणूस समोर असतो. तेव्हा हेच. आणि समोरच्याला ते चमकताना दिसलं की अर्ध्या वेळा तो तसाच पळतो."

मग मी तिघांना समोरासमोर उभं केलं. एकाच्या हातात तलवार, पातं जेमतेम तीन फूट. दुसऱ्याच्या हातात संगीन लावलेली बंदूक, साधारण सहा-साडेसहा फूट. तिसरा काळूराम, भाला नऊ-दहा फूट. तलवारवाल्याला मी म्हणालो, "आता मार बघू याला."

त्यानं वार करून पाहिला. संगीन त्याच्या छातीशी आधीच पोचलेली.

"आणि काळूरामचा भाला संगीनवाल्याच्या छातीशी," सर स्वतःच म्हणाले. माणूस हुशार आहे, फक्त घाईत असतो.

"बरोबर. म्हणून पायदळाला भालेवाल्यांची धास्ती. पण शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर?"

मी दहा-बारा ज्युनिअर कलाकार खेटून उभे केले. पुढच्यांनी गुडघा टेकून, मागच्यांनी उभ्यानं, संगिनी बाहेर. काळूरामला म्हटलं, भाला ठेव आणि राणीला नुसती चालवत आण. ती आली, आली, आणि मोठ्या अंतरावर कान मागं टाकून थांबली. टाच मारली तर बाजूला वळली.

"नाय जायची ती," काळूराम म्हणाला. "काट्याच्या कुंपनात तरी कोन जातो मास्तर?"

"राणीनं स्क्रिप्ट वाचलेलं नाही सर," मी म्हणालो. "तुमचे घोडेस्वार या रांगेत घुसूच शकत नाहीत. रांग मोडली, एखादा शिपाई पळत सुटला, तर तो भाल्याचा."

सरांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता आपल्याला कर्जतला पाठवतात. पण त्यांनी असिस्टंटला हाक मारली. "बंदुका कुणी टाकणार नाही. संगिनी लावा. घोडे रांगेभोवती फिरतील. बुजगावणं रांगेबाहेर, पळणारा शिपाई म्हणून उभं करा, पुढं अजून एक." मग माझ्याकडे वळून, "आणि भाला पडला तर?"

"पडला तर त्याच्या कमरेला तलवार आहे. भालेवाला नेहमी तलवार बाळगतो. भाला पहिल्या धडकेला. त्यानंतर गर्दीत दहा फुटांची काठी घेऊन माणूस वळूसुद्धा शकत नाही."

काळूरामची तलवार मी आधीच बदलली होती. त्याला कुणीतरी सरळ पात्याची लांब धोप दिली होती, चांगली दिसते म्हणून. सरळ पातं टोकानं लांबवर भोसकायला उत्तम. पण नवख्यानं दौडत्या घोड्यावरून भोसकलं की तीच भाल्याची अडचण, अडकतं. वाकड्या पात्याचं तसं नाही. इंग्रज त्याला सेबर म्हणायचे, आपल्याकडे तीच साधी वाकडी तलवार. पातं लागतं आणि घासत निघून जातं, वेग घोड्याचा, माणसानं फक्त हात ताठ ठेवायचा. काळूरामची तलवार अर्थात बोथट होती.

ती दोरी मी स्वतः कापून टाकली. भाल्याला सैल पट्टा लावून काळूरामचा हात आतबाहेर करून घेतला. "टोक खाली झुकू देऊ नको. जमिनीत रुतलं तर भालाच तुला खोगिरातून उचलून फेकेल. आणि अडकला तर?"

"सोडायचा."

"सर ओरडले तर?"

तो सरांकडे बघून हसला. सरच म्हणाले, "सोड रे बाबा, मी नाही ओरडत."

शॉट लागला. राणी दौडत आली, मातीची ढेकळं उडाली. फाळ बुजगावण्यात असा गेला की बुंध्यापलीकडे सांगाड्याच्या दोन बांबूंत जाऊन बसला. घोडी पुढं निघाली, भाला जागचा हलेना. काळूरामचा हात मागं गेला, ताणला, आणि पट्ट्यातून निसटला. भाला बुजगावण्यात थरथरत राहिला. पोरगं रिकाम्या हातानं पुढं गेलं, पण तोच हात तसाच कमरेला गेला, तलवार बाहेर आली, आणि रांगेच्या कडेनं घोडी वळवत त्यानं दुसऱ्या बुजगावण्याची टोपी उडवली. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

"कट!" सर उड्याच मारायला लागले. मी मात्र आधी घोडीकडे पळालो. काळूरामचा खांदा दाबून पाहिला, बोटं हलवायला लावली. सगळं जागच्या जागी. फक्त पट्टा घासून गेलेली एक लाल रेघ.

भाला उपसायला चार माणसं लागली. बुजगावणं आडवं करून बांबू फोडावा लागला. काळूराम बाजूला उभा राहून ते बघत होता. उजवा हात डाव्या हातानं धरलेला. भाला निघाल्यावर म्हणाला, "मास्तर, गाठ ऱ्हायली असती तर घरी काय सांगितलं असतं मी?"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला चहा आणायला पाठवलं. खरं तर चहा मलाच हवा होता.

मालिकेत तो शॉट आहे तसा गेला. आता मी कुठल्याही सेटवर गेलो की पहिला अर्धा दिवस कुणाला वार करायला शिकवत नाही. भाला, तलवार, बंदूक, हातात काहीही असो, आधी ते टाकायला शिकवतो. प्रॉडक्शनवाले वेळ फुकट गेला म्हणून कुरकुरतात. त्यांना कुरकुरू देतो.