एकाहत्तर टक्के उतारा

पंकजा मॅडमची नोकरी पक्की झाली तेव्हा प्राचार्यांनी नोटीस बोर्डावर लावलं, "उत्कृष्ट अध्यापनाबद्दल". मी ते वाचलं आणि हातातली परीक्षानळी फुटता फुटता वाचली. उत्कृष्ट अध्यापन म्हणे! अहो, खरं कारण मला विचारा. मी केशर, आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली परिचर. काचेची भांडी धुते, तोंड बंद ठेवते, असं प्राचार्यांना वाटतं.

पंकजा मॅडम मूळच्या पाथर्डीकडच्या. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे पोरीचं अर्धं शिक्षण गावात आणि अर्धं उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. एमएस्सी झाल्या आणि आमच्याकडे तासिका तत्त्वावर लागल्या. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टी लागली की तुम्ही घरी. सात वर्षं हेच चाललं होतं. शिकवायला एकदम भारी, पण एक खोड वाईट. पोरांनी प्रयोगात जे हाती येईल तेच लिहायचं. बाकीचे सर लोक पोरांना सांगायचे, "पंचाण्णव टक्के निघालं असं लिही आणि मोकळा हो." ह्या बाई मात्र पोराला उभं करायच्या, "पंचाण्णव आलं? दाखव बरं, कुठंय?" पोरगं पुन्हा काट्याकडे.

तर यंदा एक जागा कायम होणार होती आणि दावेदार दोन. एक ह्या, दुसरे अजिनाथ सर, प्राचार्यांच्या साडूचे चिरंजीव. माणूस वाईट नाही हो, पण घाई फार. ही जागा गेली तर मॅडमला पुढच्या वर्षी तासही मिळणार नव्हते, हे प्राचार्यांनी आधीच गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. बाई चार दिवस डबा न खाता परत न्यायची. माझ्या जिवाला घोर लागलेला.

संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब, म्हणजे आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन. ते म्हणाले, "मुलाखत-बिलाखत न्हाई. दोघांनी करून दाखवा कायतरी, मी बघतो." मग ठरलं ॲस्पिरिन. दोघांनी पाच पाच ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड घ्यायचं, त्यापासून ॲस्पिरिन बनवायचं, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर सांगायचं किती निघालं. सगळंच्या सगळं बदललं, तर कागदावरच्या गणिताने साडेसहा ग्रॅम निघायला पाहिजे.

दोघांनी केलं सारखंच. ॲसिटिक ॲनहायड्राइड घातलं, गंधकाम्लाचे थेंब टाकले, गरम केलं, गार पाण्यात ओतलं, पांढरे खडे आले, गाळले. फरक पुढं पडला. अजिनाथ सरांनी गाळणीवरचा ओला गोळा खरवडून लगेच काट्यावर ठेवला. सहा पूर्णांक आठ! "बघा केशरबाई," म्हणाले, "अपेक्षेपेक्षा जास्त!" मी म्हटलं, व्वा, देवानं वरून टाकलं वाटतं. मॅडमने खडे पुन्हा विरघळवून, गार करून, शुद्ध करून घेतले, टिपकागदात दाबले आणि ओल शोषणारी पूड घातलेल्या बंद काचपात्रात रात्रभर सुकायला ठेवले. सकाळी वजन चार पूर्णांक सहा. मी म्हटलं, "बाई गं, गेली तुझी नोकरी."

फळ्यावर प्राचार्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. शेकडा उतारा. अजिनाथ: १०४. पंकजा: ७१.

काकासाहेब आले, बसले, फळा वाचला. आणि त्यांचे डोळेच मोठे झाले.

"एकाहत्तर उतारा?"

"हो ना साहेब," प्राचार्य खेदाने म्हणाले, "अगदीच कमी."

"कमी? अहो, आमच्याकडं अकरा टक्के उतारा आला की आमी पेढे वाटतो! हिचा एकाहत्तर हाय! आन् हे एकशेचार म्हंजी काय? उसापेक्षा साखर जास्त? काटा मारलाय का रं पोरा?"

काटा मारणं, म्हणजे वजनात लबाडी करणं, हा विषय साहेबांचा अभ्यासाचा. अजिनाथ सर लाल झाले. प्राचार्य सावरून घ्यायला लागले, पण साहेब ऐकेनात. माझ्या मनात लाडू फुटले. चुकून का होईना, साहेब खूश होते. आता ह्या बाईने फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच!

बसतील तर पंकजा मॅडम कशाच्या?

"साहेब, तुमचा अकरा आणि माझा एकाहत्तर हे वेगळे आहेत," त्या म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला. "तुम्ही उसाच्या वजनावर मोजता. मी जेवढं निघायला हवं होतं, त्यावर मोजलंय. तुमच्या शंभर किलो उसात समजा तेरा किलो साखर असते. त्यातली अकरा पोत्यात येते. माझ्या पद्धतीने तुमचा उतारा पंच्याऐंशी झाला."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हंजी आमच्यापेक्षा कमीच की तुझा!"

"कमीच आहे."

"मग बाकीचं गेलं कुठं?"

"थोडं सॅलिसिलिक ॲसिड बदललंच नाही. थोडं ॲस्पिरिन पाण्यामुळे पुन्हा फुटलं. थोडं गाळलेल्या पाण्यात विरघळून गेलं, आणि शुद्ध करताना आणखी गेलं, त्याला इलाज नाही. थोडं कागदाला आणि भांड्याला चिकटलं. अजिनाथ सरांचंही असंच गेलं असणार, पण त्यांच्या वजनात पाणी आहे. वाळवा आणि बघा."

साहेब पुढं सरकले. "आन् आमची ऱ्हायलेली दोन किलो?"

"तुमची काही चिपाडात राहते, काही मळीत जाते. ते मोजता येतं. एवढं मिळवूनही हिशेब लागला नाही, तर ती घट कुठे झाली ते शोधावं लागतं. प्रयोगशाळेत ती माझ्या हातून सांडलेली असते. कारखान्यात…" मॅडम थांबल्या. "कारखान्यात मी कधी बघितलेली नाही."

साहेबांनी पुढं घेतलेली खुर्ची हळूच मागं सरकवली. प्राचार्यांना मात्र वाटलं, संधी आली. ते हसत पुढं झाले. "साहेब, मॅडमना साखरेचं इतकं कळतं, तर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी आहे, तिथे घ्या ना! इथे अजिनाथ आहेच. दोघांचंही भलं होईल."

"न्हाई, न्हाई, न्हाई!" काकासाहेब खुर्चीतून उठलेच. "कारखान्यावर अजिबात न्हाई. ह्या हितंच पाहिजेत. कायम. आजच आर्डर काढा. आन् ह्या पोराला द्या कारखान्यावर पाठवून, त्याचा उतारा चांगला हाय."

प्राचार्यांना काय झालं तेच कळेना. मला कळलं; घट शोधणारी बाई कारखान्यावर कुणाला हवी? साहेब दाराशी जाऊन वळले आणि हात जोडून मॅडमला म्हणाले, "पोरी, रिटायर होस्तोवर हितंच शिकव." एवढा आदर त्या माणसाने आजवर कुणाला दिला नव्हता.

अजिनाथ सरांचा गोळा दुपारी वाळवून मी काट्यावर ठेवला. चार पूर्णांक नऊ. आणि ते शुद्ध न केलेलं. त्यांना सांगितलं नाही, बिचारे पेढे आणायला गेले होते.

संध्याकाळी मॅडम ऑर्डर हातात घेऊन बसल्या होत्या. सात वर्षांनी बाई पहिल्यांदा मोठ्याने हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. मी म्हटलं, "वाचा की, काय लिहिलंय."

"उत्कृष्ट अध्यापनाबद्दल," त्यांनी वाचलं. "बाकीचं खरं कारण, केशरबाई, गाळणकागदालाच चिकटून राहिलंय."